मला केटामाइनच हवं होतं

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी होडीवर माझा हात जाळ्याच्या दोरात सापडून फाटला. रक्त फार गेलं. तेव्हा दवाखान्यात केटामाइनची भूल देऊन शिवला. शुद्धीवर येताना बायको दिसली. नीट दिसली, अंगणात उभी, माझ्यावर ओरडत होती. मीही ओरडत होतो म्हणे. त्यानंतर ती पुन्हा कधी दिसली नाही, स्वप्नातही नाही.

यंदा पित्ताशयातले खडे काढायचे ठरले. दिघीहून खाडी ओलांडून इस्पितळात गेलो. भूल देणारी डॉक्टरीण तपासायला आली तर पहिलंच बोललो, "मला केटामाइन द्या."

"औषध तुम्ही ठरवणार बाबा? मग सुई पण तुम्हीच टोचा."

मी कारण सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली.

"तेव्हा रक्त गेलेलं, प्रेशर पडलेलं. केटामाइन प्रेशर धरून ठेवतं, म्हणून ते दिलं. आता तुमच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग आहे, प्रेशर आधीच चढलेलं. केटामाइन नाडी पळवतं, प्रेशर अजून चढवतं. ते हृदय सोसेल का?"

"न्हाय सोसलं तर तिच्याकडंच जाईन. वाईट काय हाय त्यात?"

"माझ्या टेबलावरून नाही जायचं."

"दुसरं काय न्हाय?"

"थायोपेंटोन आहे, जुनं. अर्ध्या मिनिटात झोपवतं, पण प्रेशर पाडतं आणि अंगात मुरतं, संध्याकाळपर्यंत पेंगत बसाल. प्रोपोफॉलही तेवढ्याच वेळात झोपवतं, प्रेशर तेही पाडतं, म्हणून तुमच्या वयाला थोडं थोडं, सावकाश देईन. उतरतं लवकर. जाग साफ येते."

साफ जाग मला नकोच होती.

डॉक्टरीण गेल्यावर बसवेना. व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. परतीची बोट किती वाजता, ते तिथल्या झाडूवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "पोटात दुखायला लागलं की बोटीतून परत याल." आणि खरंच दुखायला लागलं. राहिलो.

सकाळी टेबलावर घेतलं. सुईतून दुधासारखं पांढरं औषध यायला लागलं, हात चुरचुरला. डॉक्टरीण डोक्याशी उभी. म्हणाली, "घरातल्या बाईंचं काहीतरी सांगा."

"बोंबलांवर कावळे बसू नयेत म्हणून ती जुनं जाळं टाकायची. एकदा त्या जाळ्यात..."

मग काही नाही. काळोखसुद्धा नाही.

जागा झालो तर डोकं लख्ख. छताचा पंखा दिसला, सलाईन दिसलं. बायको नव्हती. मी तोंड फिरवलं. असा राग आला की विचारू नका.

डॉक्टरणीने नाडी धरली. "जाळ्यात काय झालं?"

सांगायचं नव्हतं. पण अर्धं तोंडात राहिलेलं, घशाला टोचत होतं.

"तिचाच पदर अडकला," मी म्हणालो. "नि शिव्या मला दिल्या."