महिन्याला दीड फरशी

आमचं घर तीनशे साठ फुटांचं होतं आणि कर्जाचे हप्ते दोनशे चाळीस. पप्पांनी पहिल्याच महिन्यात हिशोब लावला होता. एका हप्त्यात दीड फूट. फरशी एक फुटाची, म्हणजे महिन्याला दीड फरशी आपली.

पप्पा चिकलठाण्याच्या एका कंपनीत कंत्राटी फिटर होते. मोजमापाशिवाय त्यांचं कुठलंच काम व्हायचं नाही. आम्ही आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेलो. हा फ्लॅट घेतला तेव्हा आईनं गळ्यातलं मोडलं, पप्पांनी साठवलेलं सगळं घातलं आणि वरचे बारा लाख एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीकडून घेतले. नऊ टक्के व्याज, वीस वर्षं, दर बदलणार नाही असा. घरात गेलो त्या दिवशी बुद्धवंदना झाली, खीर वाटली, आणि संध्याकाळी पप्पा मोजायचा टेप घेऊन जमिनीवर बसले.

मोजणी कुठून सुरू करायची यावर वाद झाला. पप्पा म्हणाले दारापासून. आई म्हणाली, "दारापासून काहून? दारात मी दिवसभर उभी ऱ्हाते का? ओट्यापासून मोजा. आधी माझी जागा सोडवा."

म्हणून ओट्यापासून. हप्ता कापल्याचा मेसेज आला की पप्पा स्वयंपाकघरात जायचे, पायाच्या अंगठ्यानं फरशी दाबायचे आणि म्हणायचे, "ही आपली. अन् ही अर्धी." स्वयंपाकघर आठ बाय दहाचं. आठ फरश्यांची एक ओळ, अशा दहा ओळी. मी तेव्हा शाळेत होते. मला तो खेळच वाटायचा. अर्ध्या फरशीवर मी एका पायावर उभी राहायचे.

आई थट्टा करायची. "बाथरूमची पाळी कधी येणार? तवर काय कर्जवाल्यांना फोन लावून आंघोळ करायची?"

"तू कर आंघोळ. मी मॅनेजरला सांगतो," असं पप्पा म्हणायचे.

स्वयंपाकघराच्या ऐंशी फरश्या पूर्ण झाल्या त्या महिन्यात आईनं शिरा केला आणि शेजारच्या काकूंना वाटी देताना सांगितलं, "सैपाकघर आमचं झालं." काकूंना काही कळलं नाही. त्यांनी शिरा घेतला. त्यानंतर फरश्या हॉलमध्ये शिरल्या. माझं टेबल होतं तिथं. मी बारावी झाले, बी.कॉम.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा म्हणायचे, "आता पोरगी आपल्या स्वतःच्या फरशीवर बसून शिकती."

पाच वर्षं पूर्ण होता होता पप्पांच्या कंपनीनं त्यांची लाइन दुसरीकडे हलवली आणि कंत्राटी माणसं कमी केली. पप्पा मिळेल ते काम करू लागले. कधी गॅरेज, कधी ग्रिलचं वेल्डिंग. दोन हप्ते शिलकीतून गेले. साठावा हप्ता भरला त्या दिवशी पप्पा फरशी दाबायला उठले नाहीत. जेवताना म्हणाले, "घर विकू."

पप्पांनी आधीच सगळा विचार केलेला होता. सोळा लाखांना गिऱ्हाईक होतं. साठ हप्ते झाले म्हणजे नव्वद फरश्या, घराचा चौथा हिस्सा आपला. बारा लाखांतले तीन फिटले, नऊ राहिले. सोळातून नऊ गेले की सात हातात. चिकलठाण्याच्या पलीकडं पावणेसात लाखांना एक खोली आणि दारापुढं थोडा ओटा असं मिळत होतं. "लहान आहे. पण बिनकर्जाचं. पुन्हा भाड्याच्या खोलीत जायची पाळी नाय." शेवटचं वाक्य ते दोनदा बोलले. शनिवारी इसार द्यायचा होता.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांनी कर्जाचा हप्ता काढायला शिकवलं. पीएमटी नावाचं फंक्शन. त्याला तीन गोष्टी सांगायच्या. व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या आणि कर्जाची रक्कम. सर म्हणाले, घरात कुणाचं कर्ज असेल तर तेच आकडे घ्या.

मी नऊ टक्के, दोनशे चाळीस, बारा लाख असं टाकलं. हप्ता आला महिन्याला एक लाख आठ हजार. शेजारची मैत्रीण म्हणाली, "बाप रे, बंगला घेतला का गं?" सर वाकून बघून म्हणाले, "हप्ते महिन्याचे अन् व्याज वर्षाचं? बाराने भाग." भागलं. रकमेच्या आधी वजा चिन्ह लावलं, नाहीतर हप्ता उणे दिसतो. मग स्क्रीनवर आलं, १०,७९६.७१. आमच्या पासबुकात दर महिन्याला १०,७९७ कापलेले असायचे. मला इतका आनंद झाला की मी मैत्रिणीचा हात धरला. ज्या आकड्याला आमचं घर दर महिन्याला घाबरायचं, तो मी स्वतः काढला होता. पप्पांना दाखवायचं ठरवलं.

शुक्रवारच्या तासाला पुढचा भाग होता. प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती. त्याची दोन वेगळी फंक्शन्स आहेत, त्यांना कितवा हप्ता तेही सांगावं लागतं. मी पहिल्या महिन्याची ओळ भरली. एका रकान्यात नऊ हजार, दुसऱ्यात सतराशे शहाण्णव. मला वाटलं रकाने उलटे झाले. मी नावं बदलली, मग सूत्रं पुन्हा लिहिली. आकडे तेच. मी हात वर केला.

सर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पहिल्या महिन्यात पूर्ण बारा लाख देणं आहे ना? बारा लाखांचं एका महिन्याचं व्याज किती?"

नऊ टक्क्यांचा बारावा भाग म्हणजे पाऊण टक्का. नऊ हजार. मी तोंडी सांगितलं.

"हप्त्यातून आधी ते जातं. उरेल तेवढंच मुद्दलातून कमी होतं. पुढच्या महिन्यात मुद्दल जरा कमी, म्हणून व्याज जरा कमी, म्हणून मुद्दलाला जरा जास्त. हप्ता सारखा असतो, त्यातली वाटणी सारखी नसते."

बाकीची मुलं सूत्र खाली ओढून दोनशे चाळीस ओळी भरत होती. मीही ओढलं. साठाव्या ओळीपर्यंतच्या मुद्दलाची बेरीज केली. एक लाख पस्तीस हजार पाचशे पंधरा. आम्ही साडेसहा लाखांच्या जवळपास भरले होते. त्यातले पाच लाखांहून जास्त व्याजाचे. बाकी मुद्दल दहा लाख चौसष्ट हजार.

मग मी का कोण जाणे, आणखी एक रकाना केला आणि त्याला 'फरशी' नाव दिलं. मुद्दल भागिले बारा लाख, गुणिले तीनशे साठ. पहिल्या महिन्यात अर्धी फरशी. साठ महिन्यांच्या मिळून चाळीस आणि थोडं. एकसष्टाव्या महिन्यातही अख्खी एक फरशी येत नव्हती. नव्वदावी फरशी एकशे नवव्या हप्त्याला आपली होत होती. अजून चार वर्षांनी.

मैत्रिणीनं विचारलं, "हे फरशी काय आहे?" मी तो रकाना पुसून टाकला.

घरी जाताना मी चुकत असावे असं मला वाटत राहिलं. म्हणजे तसं वाटावं अशी इच्छा होती. पप्पांची वजाबाकी मला लहानपणापासून पाठ होती आणि ती कधी चुकलेली मी पाहिली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी इसार होता.

पप्पा कपाटातून पन्नास हजार काढून मोजत होते. मी म्हणाले, "पप्पा, थांबा जरा. फिटलेली रक्कम तीन लाख नाय. सव्वा लाखाच्या थोडी वर आहे."

"कोण म्हणलं?"

"मीच काढलं. कॉलेजात."

त्यांनी कागद मागितला. मी आकडे लिहून दाखवले, सर बोलले तसंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे फसवलं आपल्याला?"

"नाय पप्पा. उरलेल्या रकमेवर व्याज लागतं. सुरुवातीला रक्कम मोठी म्हणून व्याज मोठं. सगळीकडं असंच असतं."

"मग हप्ता तर तेवढाच घेतात की दर महिन्याला."

"हप्ता तेवढाच. आतली वाटणी वेगळी."

आई ओट्याशी उभी होती. ती पप्पांकडे न बघता म्हणाली, "मला तर सैपाकघर आपलं झालं म्हणून सांगितलं व्हतं."

पप्पांनी नोटा कपाटात परत ठेवल्या. इसार देऊन बसले असते तर ते पन्नास हजारही गेले असते. असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्याचा तेव्हा काही उपयोग झाला नाही.

सकाळी आम्ही दोघं कर्ज कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी बाकीचा आकडा छापून दिला, १०,६४,४६३. माझ्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात फक्त बावीस रुपयांचा फरक होता. ते हप्ता पूर्ण रुपयात घेत होते म्हणून. पप्पांनी तो कागद पाहिला, माझा पाहिला, आणि ताईंना म्हणाले, "माझ्या पोरीनं आधीच काढलं व्हतं हे." आवाजात कौतुक होतं. त्या क्षणी मला नापास व्हावंसं वाटलं.

घर विकावंच लागलं. हप्ते चालवायला पगार नव्हता. सोळातून सगळं जाऊन पाच लाख पस्तीस हजार हातात आले. त्या खोलीला जवळजवळ दीड लाख कमी पडत होते, आणि काम नसलेल्या माणसाला कुणी कर्ज देत नाही. पप्पांनी दोन-तीन जागी विचारलं. मग विचारणं बंद केलं. आम्ही पुन्हा भाड्यानं खोली घेतली.

घर रिकामं करताना टेम्पोवाला आणि त्याचा जोडीदार बुटांनीच आत येत-जात होते. पप्पाही चपला घालूनच सामान उचलत होते. एरवी आईनं हॉलमध्येसुद्धा कुणाला चपलेनं येऊ दिलं नसतं. त्या दिवशी ती भांडी बांधत राहिली. शेवटी ओट्याखालचा सिलेंडर राहिला. तो आणायला पप्पा हॉलमधून चपलांनीच गेले, माझं टेबल असायचं त्या जागेवरून. स्वयंपाकघरात शिरले. एक, दोन, तीन, चार, पाच ओळी ओलांडल्या आणि थांबले. पुढं ओट्यापर्यंत पाचच ओळी राहिल्या होत्या. आठ फरश्यांच्या पाच ओळी. चाळीस.

त्यांनी तिथं चपला काढल्या, बाजूला नीट ठेवल्या, आणि अनवाणी आत गेले.