दोन ओळींत न बसणारं बोलणं

दीपमालासारखी हुशार पोरगी आमच्या राळेगाव तालुक्यात दुसरी नाही, पण हे मी तिच्या तोंडावर कधी बोलली नाही आन बोलणारही नाही. आधीच तिचं नाक वर असते. यवतमाळात कॉलेजात इंग्रजी शिकवते, साडी कडक इस्त्रीची, बोलणं तर असं शुद्ध की माह्यासारखीनं दोन वाक्य ऐकले की आपलीच जीभ धुवून यावी वाटते.

तिचा बाप उकंडा. उकंडाभाऊनं जिंदगीभर खताच्या गोदामात हमाली केली. पाठ वाकली, पण तोंड नाही वाकलं. बसस्टँडवर चहा प्यायला बसला की चार लोक आपोआप गोळा होतात, इतकं ते मानूस हसवते. लेकीचं मात्र वेगळंच. बाप चारचौघात "मले" म्हणाला की ही हळूच "मला, बाबा" म्हणणार. तोही बिचारा "हो, मला, मला" म्हणते आन पुढच्याच वाक्यात पुन्हा "मले". घरात दार लावून बसले म्हंजे दोघंही मस्त वऱ्हाडीत भांडतात, हे मी माह्या कानानं ऐकलं हाय.

आमचं एक नाटक हाय. धम्मरत्नदादानं बसवलं. लिहिलेलं असं काही नव्हतं, ज्याच्या त्याच्या घरचंच जोडून जोडून केलं. मी त्यात उकंडाभाऊची बायको. दिवसभर कळंबला शिलाई मशीन चालवायची आन संध्याकाळी यवतमाळात येऊन याच्यावर ओरडायचं, असा माहा संसार. गावोगाव प्रयोग झाले, लोकं पोट धरून हसले, रडले बी.

मग परदेशातून नाटक शिकणारे पाहुणे यवतमाळात येणार असं ठरलं. त्याईले मराठीचा म बी माहीत नाही. दादा म्हणाला, स्टेजच्या वर पडदा लावू, त्याच्यावर इंग्रजीत बोलणं दिसलं पाहिजे. हे काम दीपमालाशिवाय कोण करणार? तिनं घेतलं. आम्ही त्याले पाट्या म्हणायचो. "पाट्या झाल्या का व?" असं विचारलं की ती डोळे वटारायची.

पण काम तिनं केलं, ते मानावं लागते. तालमीत लॅपटॉप घेऊन मागं बसायची, कान आमच्याकडं, डोळे आमच्या तोंडावर. एका वेळी दोनच ओळी. एका ओळीत अडतीसच्या वर अक्षर नाही, मधली मोकळी जागा धरून. पाटी दोन सेकंदाच्या आत गेली त वाचून होत नाही, सहाच्या वर राहिली त लोक रिकामे बसून तीच पुन्हा वाचतात. आन सगळ्यात मोठी गोष्ट, गंमत बोलायच्या आधी पडद्यावर दिसली नाही पाहिजे. नाही त लोक वाचून आधीच हसतात आन स्टेजवरचा बावळट दिसते. म्हणून ती गमतीचं वाक्य तोडून वेगळ्या पाटीवर टाकायची आन नेमकी तोंड उघडताना बटन दाबायची. आम्ही गप्प असलो की पडदा काळा.

माही त तिच्याशी कचकच झालीच. पहिल्या अंकात मी नवऱ्याले दीड मिनिट शिव्या घालते. तिनं त्याचं चार पाट्यांत उरकलं.

"काहून व? माह्या शिव्या फुकटच्या हाय का?" मी म्हटलं.

"मावशी, त्यांनी सगळं वाचलं तर तुमचा चेहरा कधी पाहतील? अर्ध्या शिव्या तुमच्या हातांनीच कळतात."

मी नाक मुरडलं. मनातून बरंही वाटलं.

पाहुण्याईची जागाही तिनंच ठरवली. अगदी पुढं बसवलं त मान वर करून करून दुखते आन स्टेज दिसत नाही, म्हणून मधल्या रांगा. पुढं-मागं आपले लोक.

अन् मग आला उकंडाभाऊचा तुकडा. नाटकाचा जीवच तो. त्याच्या लहानपणची खरी गोष्ट. तो म्हणते, "मी तिसरीत होतो. मायनं खताच्या गोणीची चड्डी शिवली. पुढून यूरिया, मागून नेट वेट पन्नास केजी. मास्तर म्हने, उकंड्या, वजन त बराबर लिवलं हाय, माल कुठी गेला?" आन "मागून" म्हणताना गर्रकन वळून प्रेक्षकाईले पाठ दाखवते. मारेगावले या जागी हशा इतका चालला की आम्हाले पुढचं वाक्य बोलता येईना. उकंडाभाऊ त्या हशासाठीच सायकल मारत तालमीले यायचा. पगार नाही, काही नाही. "लोक हसले म्हंजे मायची ते चड्डी कारनी लागली," असं म्हणायचा.

शेवटच्या तालमीत पडदा लावून पाहिलं. मी दहावीपर्यंत शिकली हाय, इंग्रजी अक्षर लावून लावून वाचते. त्या जागी पाटी आली, तिचा अर्थ एवढाच निघत होता की आम्ही गरीब होतो, शाळेसाठी कपडे नव्हते. मग पडदा काळा. दादालेही ते खटकलं.

"दीपमाला, गोणी कुठी गेली?"

"दोन ओळींत बसत नाही सर. बाबा थांबतही नाहीत मध्ये. वाचून होणार नाही त्यांचं." तिनं लॅपटॉपमधून मान वर नाही केली.

"मी दमानं बोलतो ना मंग," उकंडाभाऊ म्हणाला. "थांबून थांबून बोलतो."

"नको बाबा. तरी नाही बसत."

"नसन बसत त राहू दे बापा. तुले समजते ते." आन तो चहा घ्यायले गेला. आम्हीही मानलं. तिच्या कामात तिच्या शब्दापुढं कोण जाणार होतं?

प्रयोग झाला. हॉल भरलेला. पहिला अंक असा गेला की विचारू नका. माह्या शिव्याईवर पाहुणे बरोबर हसले, चार पाट्यांतच हसले. मी पाहात होती, वाक्य तोंडातून निघालं की पडद्यावर उतरलं, ना आधी, ना नंतर. दीपमालाचा मले अभिमान वाटला.

मग उकंडाभाऊ पुढं आला. गोणी म्हणाला, यूरिया म्हणाला, गर्रकन वळला. पुढचे-मागचे आपले लोक फुटले. मधल्या रांगा शांत. त्याईनं वर पाहिलं, गरीब होतो म्हणून वाचलं, आन त्याईचे चेहरे उतरले. एका बाईनं छातीवर हात ठेवला. आन त्यांच्यासमोर हा म्हातारा पाठ वळवून, वाकून उभा. वर पडदा काळा.

उकंडाभाऊले वाटलं, पोहोचलं नाही. गावात असं झालं की तो पुन्हा म्हणते, त्याची रीतच ती. तो पुन्हा वळला, आता मुद्दाम मधल्या रांगांकडं पाठ करून. "नेट वेट. पन्नास. केजी," असं दमानं, थांबून थांबून, ढुंगणावर बोट ठेवून म्हणाला. लेकीले पाटी टाकायले वेळ मिळावा म्हणून थांबला तो. वर काहीच नाही. एक पाहुणी खाली पाहू लागली. एकानं शेजारच्याच्या कानात काही सांगितलं. मी बाजूलेच उभी होती, मले भुई फाटून गिळावं असं झालं. माह्यासाठी नाही, त्याच्यासाठी. शब्द काढून टाकले की त्या वळण्यात काय उरते? नुसती अश्लील हरकत.

त्यालेही ते कळलं. मास्तराचं वाक्य त्यानं गिळलं आन पुढचा अख्खा तुकडा सोडून थेट माह्याजवळ आला. दीपमालाच्या पाट्या मागं राहिल्या, तो बोलतो एक आन वर दिसते दुसरं. तिनं बटनं दाबून दाबून गाठलं, पण तोवर उकंडाभाऊचा आवाज बसला होता. पुढचं नाटक त्यानं पाठ केल्यासारखं केलं.

संपल्यावर दिवे लागले. पाहुणे थांबले, प्रश्न विचारायले. दीपमाला लॅपटॉपजवळच उभी राहून इकडचं तिकडं सांगत होती. मग पिकल्या केसाची एक पाहुणी अदबीनं काही बोलली. दीपमाला लॅपटॉपच्या बटनाईकडं पाहू लागली.

"काय म्हणते व?" दादानं विचारलं.

"त्या विचारतात की..." तिचा चेहरा लाल झाला. "बाबांनी आमच्याकडे पाठ का केली. आमचं काही चुकलं का, म्हणून राग दाखवला का."

उकंडाभाऊनं हात जोडले. इतका कानकोंडा झालेला तो मानूस मी कधी पाहिला नव्हता.

"जयभीम म्हन त्याईले. आन सांग पोरी, राग कायचा? माफी मागतो. माह्यं बोलनं लय लांब, ते तुमच्या दोन वळीत बसत नाई. पोरीनं रातंदिवस खपून केलं, तिची काई चूक नाई. मीच उगाच थांबलो. सांग त्याईले बराबर."

सगळे तिच्याकडं पाहून राह्यले. बापाची माफी इंग्रजीत कशी करावी ते तिले येत नव्हतं असं नाही. तिले ते करवत नव्हतं. मग ती खाली बसली आन टाइप करू लागली. वर पडद्यावर पाटी आली. माझी चड्डी खताच्या गोणीची होती. मग दुसरी पाटी, एकाच ओळीची. पुढून यूरिया, मागून नेट वेट पन्नास केजी. मग मास्तराचं वाक्य. या वेळी तिनं एकही पाटी पुसली नाही, तिन्ही एकाखाली एक तशाच ठेवल्या.

पाहुणे हसले. आधी ती पिकल्या केसाची बाई, मग सगळे. टाळ्या बी वाजल्या. दिवे लागल्यावर, नाटक संपल्यावर.

उकंडाभाऊ मात्र पडद्याकडं पाहात होता. त्याले इंग्रजी येत नाही, पण गोणीवरचे अक्षर जिंदगीभर पाठीवर वाहिलेले. तो पुढं गेला, मधल्या पाटीकडं बोट केलं.

"हे त गोनीवरचंच हाय," तो म्हणाला. "एकाच वळीत बसलं."

दीपमाला मान खाली घालून उभी होती. "बाबा, ते तुम्हाले हसले असते," ती म्हणाली. चारचौघात पहिल्यांदा तिच्या तोंडून "तुम्हाले" निघालं, तिच्या ध्यानातही नाही आलं. "मले वाटलं, हे गोऱ्या लोकाईले कायले सांगायचं. मले लाज वाटली. तुमची नाही... तुमचीच वाटली, बाबा."

पाहुणे हसतच होते. त्याईले वाटलं, बापलेकीचं काही गोड चाललं हाय. उकंडाभाऊ रागावला नाही. रागावला असता त बरं झालं असतं, मी त म्हणते दोन ठेवून द्यायले पाहिजे होत्या. त्यानं नुसता तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला, तालमीत करायचा तसा.

"मले सांगतलं असतं त मी ते बोललोच नसतो न बाई," तो म्हणाला. "तुले लाज वाटते म्हटल्यावर काढून टाकलं असतं मी. पडद्यावरूनच नाई, नाटकातूनच."