मार्चनंतरची मुलं

शशिकलाबाईंचं सादरीकरण तसं बरं झालं होतं. पडद्यावर चित्रं वेळेवर सरकली, आवाज फारसा कापला नाही, दहा मिनिटांत बोलणंही संपलं. घोडं अडलं ते शेवटच्या प्रश्नाशी.

ज्या संस्थेत त्या नोकरीच्या मुलाखतीला आल्या होत्या, तिचं कार्यालय पनवेलच्या जुन्या बाजारामागे एका दुमजली इमारतीत होतं. टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधोमध संस्थेच्या संचालक अनुयाताई, एका बाजूला एक निवृत्त मुख्याध्यापक आणि दुसऱ्या बाजूला निधी देणाऱ्या कंपनीतर्फे आलेला देवेश नावाचा तरुण. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर संस्थेचं ध्येय मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'आईबाप कुठेही गेले तरी मूल आपल्या गावच्या शाळेत.'

देवेशनं त्या भिंतीकडे बोट केलं. "मॅडम, तुम्ही बारा वर्षं वीटभट्टीवर शाळा चालवलीत. म्हणजे मुलं भट्टीवर आली, आणि तुम्ही तिथं शिकवलंत. आम्हाला मुलं भट्टीवर जाऊच द्यायची नाहीत. मग तुमचा अनुभव आमच्या ध्येयाशी जोडायचा कसा?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, हेच वाईट होतं. त्यानं खरोखर कळून घ्यायला विचारलं होतं. शशिकलाबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

अनुयाताईंनीच त्यांना सोडवलं. "राहू दे. काही सुचलं तर मेलवर लिहून पाठवा. आम्ही सोमवारी बसणार आहोत, तेव्हा ते समोर असेल."

जिन्यावरून उतरताना बाईंना वाटलं, आपण बारा वर्षं चुकीच्या बाजूला उभ्या होतो की काय.

त्यांची स्वतःची संस्था दिवाळीच्या आधी बंद पडली होती. तिच्यामागोमाग भट्टीवरची शाळाही गेली. शाळा म्हणजे चार बांबू, वर निळा कागद आणि खाली सारवलेली जमीन. पण त्या खोपीत बसून मुलं वाचायला शिकली होती. आता एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरं कुठलं काम येत नव्हतं आणि दुसरं करायचीही इच्छा नव्हती. तालुक्यात या कामातली हीच एक संस्था उरली होती. क्षेत्र समन्वयकाची ही जागा मिळाली तर त्या पोरांमध्ये परत जाता येणार होतं. नाही मिळाली तर नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत भाजी निवडत बसणं होतं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या आभाचा, त्यांच्या मुलीचा, संध्याकाळी फोन आला. माणसं निवडण्याचंच तिचं काम.

"आई, उद्याच मेल टाक. आधी आभार, मग त्यांच्या ध्येयाशी जुळणारी तुझी एक गोष्ट. एकच, पण ठसठशीत. तू ती मुलगी त्यांच्या वसतिगृहात घातली होतीस ना? काय नाव तिचं?"

"रूपा."

"बस्स, तीच! भट्टीवरून उचलून तू तिला गावच्या शाळेत पोचवलंस. त्यांना हवं ते त्यातच आहे. मी लिहून पाठवते."

रूपा अकरा वर्षांची असताना तिची आई चिंधी तिला भट्टीवर घेऊन आली होती. पोर चलाख. शशिकलाबाईंनी पुढच्या हंगामाच्या आधी वाडीवर खेटे घालून चिंधीला राजी केलं होतं : तुम्ही या भट्टीवर, पोरगी मात्र वाडीजवळच्या वसतिगृहात राहील, तिथूनच शाळेत जाईल. ते वसतिगृह याच संस्थेचं होतं. चिंधीचं कुटुंब पुढे दुसऱ्या मालकाकडे जाऊ लागलं, गाठभेट राहिली नाही. रूपा शिकत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या.

आभानं पाठवलेला मजकूर त्यांनी दोनदा वाचला. छान होता. त्यात खोटं असं काही नव्हतं. पण मुलाची गोष्ट सांगायची तर आधी घरच्यांना विचारायचं, ही बाईंची जुनी सवय. चिंधी यंदा पेण रस्त्याच्या आतल्या भट्टीवर आहे असं कळलं, तशा त्या शनिवारी सहा आसनी रिक्षात बसून निघाल्या.

भट्टी पेटलेली होती. धुराचा आणि जळक्या तुसाचा वास त्यांच्या ओळखीचा होता. चिंधी विटांच्या मातीचा गारा तुडवत होती. तिनं लांबूनच ओळखलं.

"ए बाय! बाई आल्यान! पार बारीक झाल्यात गो. सायेब जेवाया घालत नाय काय?"

बाई हसल्या. दगडावर बसल्या आणि आपलं काम सांगू लागल्या. नोकरीसाठी एक पत्र लिहायचंय, त्यात रूपाची गोष्ट घालायचीय, चालेल का.

"लिवा ना. लिवल्यानं ती काय झिजनार हाय?" चिंधीनं मान वळवून हाक मारली. "रूपे! बाई तुजं नाव लिवतान गो!"

साच्यातून विटा पाडणारी एक बाई उठून आली. बाईच म्हणायची. गळ्यात काळी पोत, हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. सतरा वर्षांची असेल. ती हसली तेव्हा समोरचा किडका दात दिसला आणि शशिकलाबाईंना ती अकरा वर्षांची पोर ओळखू आली.

"तू इथं कशी?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

रूपाला प्रश्नच कळला नाही. चिंधीनं उत्तर दिलं. "मग कुटं असनार? शाळा सुटली तवापासून हाय."

"पण मी तुला वसतिगृहात..."

"व्हती ना," रूपा म्हणाली. "सातवीपतुर व्हती. जेवान बेस व्हता. मग मार्च सरला तशी जीप आली, आमाला आयबापाकडं सोडलान. दर सालाच सोडीत. सर बोलले, पैसं मार्चपतुरच येतान. त्या साली परीक्षा राह्यली व्हती. मी बोलले, परीक्षेला कोन नेल? आय बोलली, आता भट्टी सोडून कोन जातं. राह्यलं मग."

"पावसाला परत गेली नाहीस?"

"पावसात लगीन जमलं," चिंधी म्हणाली. तिच्या आवाजात ना रडगाणं होतं ना राग. "बाई, तुमी चा घेता काय?"

चहा काळा आणि गोड होता. शशिकलाबाईंना आठवत गेलं. दरवर्षी एप्रिल लागला की त्यांच्या खोपीतली मुलं वाढायची. पत्र्याच्या पेट्या घेऊन आलेली, चांगली वाचता येणारी मुलं. आईबापांची आठवण येऊन पळून आली असतील, असंच त्या समजत. संस्थांचं वर्ष मार्चअखेर संपतं आणि भट्टी पाऊस पडेपर्यंत पेटते, हे दोन्ही त्यांना चांगलं माहीत होतं. ही दोन टोकं त्यांनी कधी एकत्र धरून पाहिली नव्हती, एवढंच.

निघताना रूपानं विचारलं, "बाई, नोकरी लागली तं पुन्ना शाळा काढाल? माजी नणंद लहान हाय."

"बघू," बाई म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्यांनी आभाचा मजकूर बाजूला ठेवला आणि स्वतः लिहायला बसल्या. कमलाकर, त्यांचे यजमान, द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात हिशेबनीस. सुट्टी म्हणून बनियनवर पेपर वाचत होते. लिहून झाल्यावर बाईंनी फोन त्यांच्या हातात दिला.

'आपण माझं सादरीकरण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझा अनुभव आपल्या ध्येयाशी कसा जोडायचा, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. आता देते. आपल्या वसतिगृहातली मुलं मार्च संपल्यावर आईबापांकडे पाठवली जातात. भट्टी त्यानंतर दोन-अडीच महिने चालू असते. ती मुलं एप्रिलमध्ये माझ्या शाळेत बसत. माझं काम आपल्या कामाच्या विरुद्ध नव्हतं. आपलं काम जिथं थांबत होतं तिथून पुढचं होतं. जिथं माझ्या शाळेसारखी शाळा नव्हती, तिथं मुलं तशीच राहिली. त्यांतली एक मुलगी मीच आपल्याकडे आणली होती. वार्षिक परीक्षेआधी तिला भट्टीवर सोडलं गेलं. ती आज विटा पाडते. मला ही जागा मिळाली तर पहिलं काम हे करीन, की पाऊस पडेपर्यंत वसतिगृह उघडं राहील. त्यासाठी कोणाकडेही पदर पसरायची माझी तयारी आहे.'

कमलाकरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे पंगतीत बसायच्या आधीच आचाऱ्याला सांगायचं, आमटी नासलीय म्हणून."

"नासलीच आहे."

"असेल गं. पण वाढणारा तोच आहे. आणि तो पैसेवाला पोरगा? तो हे वाचून काय टाळ्या वाजवणार?"

आभाला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, माझाच पाठव. त्यात खोटं एक अक्षर नाही. आत गेल्यावर सांग ना हे सगळं. आतून सांगितलेलं ऐकतात."

हे पटण्यासारखं होतं. शशिकलाबाईंनी तिचा मजकूर पुन्हा उघडला. 'भट्टीवरच्या एका हुशार मुलीला मी गावच्या शाळेत पोचवलं.' पुढे पूर्णविराम. त्या पूर्णविरामाकडे त्या बघत राहिल्या. त्याच्या पलीकडे कोपरापर्यंत मातीनं भरलेले हात त्यांना दिसत होते. मग त्यांनी आपलाच मजकूर पाठवला आणि कुकर लावायला उठल्या.

मंगळवारी अनुयाताईंचा स्वतःचा फोन आला. म्हणजे काय ते बाईंना तेव्हाच कळलं. निवड झाली असती तर कार्यालयातून आला असता.

"तुमचा मेल तिघांनीही वाचला. मुख्याध्यापक सर तर तुमच्याच बाजूचे होते."

"बरं."

"मार्चचं आम्हाला माहीत नाही असं नाही हो, शशिकलाताई. दरवर्षी मांडते मी. निधी आर्थिक वर्षावर बांधलेला असतो, पुढच्या वर्षीचा यायला जून उजाडतो. देवेश म्हणाले, जे आपल्या हातात नाही त्याच्यावरच बोट ठेवणारी व्यक्ती या जागेवर बसली तर काम होणं अवघड. मला ते खोडता आलं नाही." मग त्या म्हणाल्या, "तुमचा बायोडेटा आमच्याकडे आहेच."

"असू द्या," शशिकलाबाई म्हणाल्या. "फोन केलात, बरं वाटलं." आणि खरंच थोडं बरं वाटलं होतं, निदान कोणी तरी ते वाचलं होतं.

कमलाकर संध्याकाळी आले. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. येताना आणलेली कैरी ओट्यावर ठेवली आणि स्वतःच चहाचं आधण चढवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला शशिकलाबाई आपल्या जुन्या भट्टीवर गेल्या. कामाला नाही, अशाच. खोपीवरचा निळा कागद फाटून लोंबत होता आणि आत छतापर्यंत तूस भरून ठेवला होता. फळा टांगायचा खिळा तेवढा तुसाच्या वर दिसत होता.

रस्त्यावर धूळ उडाली. एक जीप भट्टीच्या तोंडाशी थांबली. मुलं उतरली, मागून एकेक पत्र्याची पेटी उतरली आणि जीप वळून निघून गेली. एका मुलीनं बाईंना पाहिलं. गेल्या वर्षी खोपीत बसलेली होती ती. पेटी ओढत धावत आली.

"बाई, तुमी आल्या? वर्ग कुटं भरवायचा? हितं तं तूस हाय."

शशिकलाबाईंनी खोपीकडे पाहिलं. मग पेटीची एक कडी हातात धरली.

"तुझी आई खोपटांच्या कुठल्या ओळीत राहते, दाखव," त्या म्हणाल्या. "तिथवर धरू लागते."