बरोबर वाक्य

बंगळुरात मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉस रस्त्यावर प्रमोदिनीबाईंचा इंग्रजीचा क्लास चालतो. नवरा गेला, मूलबाळ नाही. पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेली पोरं हाच त्यांचा गोतावळा. जीभ मात्र कात्रीसारखी. क्लासच्या ग्रुपवर सुट्टीसुद्धा इंग्रजीतच मागायची, बाई चूक दुरुस्त करणार, आणि मग सगळ्यांनी बरोबर वाक्य लिहून पाठवायचं, हा त्यांचा शिरस्ता. अपमान झाल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, असं त्या अभिमानानं सांगत.

त्या आठवड्यात क्रियापदं चालली होती. आपण आडवे होतो ते लाय, वस्तू आडवी ठेवतो ते ले. सूर्य आपला आपण राइझ होतो, हात मात्र रेझ करावा लागतो. भिंतीवर चित्र हंग, फास घेतलेला माणूस हँग्ड. नागपूरची भूमिका नेमकी इथंच अडखळायची. बाईंचा तिच्यावर फार जीव. रविवारी ती जेवायला येई, "अक्का, स्वल्प वाढा" म्हणून कानडी शेजारणीची नक्कल करी. ही पोर आपल्याला सोडून जाऊ नये, एवढंच बाईंना वाटे.

एका दुपारी बाई भाजी निवडत होत्या. ग्रुपवर भूमिकाचा निरोप आला.

"माय फादर हंग हिमसेल्फ. हिज बॉडी इज लेइंग इन द हॉस्पिटल. आय कान्ट कम."

बाईंच्या डोळ्यांना आधी चुकाच दिसल्या. सवयच तशी मेली! बोटांनी लिहूनही टाकलं, "हंग नव्हे, हँग्ड. लेइंग नव्हे, लाइंग. किती वेळा सांगायचं?"

मग अर्थ कळला. हातातली भाजी तशीच राहिली. त्यांनी आपला निरोप पुसला, पण शिरस्ता कामाला लागला होता. व्हाइटफील्डच्या ऑफिसातून क्लासमधल्या वेदांतनं न वाचता लिहिलं, "हर फादर हँग्ड हिमसेल्फ." मग अजितनं. मग बाकीच्यांनी. एकामागून एक, सगळी बरोबर. बाईंनी भूमिकाला फोन लावला, तो कुणी उचलला नाही.

महिन्यानं भूमिका आली. वर्गाला तोंड वर करवेना. बाई उठल्या, माफी मागायला शब्द जुळवत होत्या. त्याआधीच ती फळ्यापाशी उभी राहून सावकाश बोलू लागली.

"माय फादर हँग्ड हिमसेल्फ. ही वॉज लाइंग ऑन द फ्लोअर. वी रेज्ड हिज हेड. ही डिड नॉट राइझ. वी लेड हिम ऑन द पायर."

फरशीपासून चितेपर्यंत एकही चूक नव्हती. ती बाईंकडे बघत राहिली, रोजच्यासारखी, वाट पाहत.

बाईंचे डोळे भरून आले होते, पण तीस वर्षं चुका काढणारी जीभ त्यांच्या ताब्यात नव्हती.

"करेक्ट," त्या म्हणाल्या.

भूमिकानं मान हलवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली. पुढच्या रविवारी बाईंनी दोन पानं मांडली. एकच वाढलं.