नारळ फुटल्यावर काढलेला ईसीजी

नातवंडांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तिथे जवळ मोठं हॉस्पिटलसुद्धा नाही, मग तू धारूरजवळच्या त्या खेड्यात का राहतेस?" फोनवर मी विषय बदलला. उत्तर लिहून द्यायचं होतं, म्हणून आज लिहायला बसले आहे.

गेल्या वर्षी ऊसतोडीला गाड्या निघायच्या दिवशीच, मी शिकवायचे त्या आपल्या शाळेत आरोग्य शिबिर ठेवायचं, हा हट्ट माझाच होता. नाहीतर पुढचे पाच-सहा महिने गावात म्हाताऱ्यांशिवाय कोणी सापडत नाही. ट्रक फाटकाबाहेर उभा होता. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, सगळं चढलेलं.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, बोलले चांगलं. हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं सांगितली: छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, धाप. "काही मिनिटांत थांबलं नाही तर वाट बघू नका. एकशे आठला फोन करा. चालत जाऊ नका, मोटारसायकलवर बसू नका. रक्ताची गुठळी अडकलेली असते, प्रत्येक तासाला हृदयाचा थोडा भाग मरत जातो."

पुरुष पुढे, बायका मागे व्हरांड्यात. डॉक्टर पुढे बघून बोलत होते. मी उठले.

"डॉक्टर, बायकांचं सांगा. तोंड इकडे करून."

ते हसले, पण वळले. म्हणाले, बायकांनाही छातीत दुखतंच, पण पुष्कळदा नुसती धाप लागते, मळमळतं, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, विनाकारण गळून जायला होतं. "आणि आपण म्हणतो, पित्त झालंय."

मागून आवाज आला, "मंग ते मला सकाळधरनं हाय की."

माझ्याकडे भांडी घासणारी बाई. पन्नाशीला आलेली, साखरेचा आजार असलेली. पदराने मान पुसत होती, आणि हवा तर गार होती.

तिची सासू म्हणाली, "सोडा पाजलाय म्या. जाईल."

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"देवळात काकडा चालू व्हता तवापासनं."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. चार तास. तिला वर्गातल्या बाकावर झोपवून ईसीजी काढायला घेतला, एवढ्यात बाहेर नारळ फुटला. इथे एकदा गाडीपुढे नारळ फुटला की कोणी मागे राहत नाही, अपशकुन मानतात. नवरा दारात आला, मागून तोडीच्या टोळीचा मुकादम.

"बाई, गाडी निघाली," मुकादम मला म्हणाला. माझाच विद्यार्थी. "नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, हिच्याबिगर त्यो मोडतोय. फडाजवळ दवाखाने काय कमी हायत?"

"फडात रुग्णवाहिका बोलावशील, तेव्हा पत्ता काय सांगशील? हिरव्या उसाच्या शेजारी?"

"तुमी उगंच—"

"दहावीला इंग्रजीत तुला पस्तीस मार्क दिले, ती माझी चूक. आता दुसरी करणार नाही. बाजूला हो."

नवरा चाचरला. "नारळ फुटलाय, बाई. माघारी कसं..."

तेव्हा ती बाकावरूनच बोलली. "नारळ गाडीचा फुटलाय. माझा न्हाई. म्या चढत न्हाई, जा."

नवरा तिच्या उशाशी जमिनीवर बसला. मुकादमाकडे पाहिलंसुद्धा नाही त्याने.

ईसीजीचा कागद पाहून डॉक्टरांचा चेहरा बदलला. पूर्वी रक्तस्राव झाला होता का, कोणत्या गोळीचा त्रास होतो का, हे विचारून त्यांनी तिला अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावलं. रुग्णवाहिका आली. मी त्या कागदाच्या मागे दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहिली, साखरेच्या गोळ्यांची नावं लिहिली आणि नवऱ्याच्या हातात दिला. अंबाजोगाईला तिला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं, पहिल्या कळेलाच निघाली असती तर याहून बरं झालं असतं. काही भाग गेला तो गेला.

ट्रक त्या दोघांवाचून गेला. गावात चार दिवस माझ्या नावाने बोटं मोडली गेली. म्हातारीने शकुन मोडला म्हणाले. मोडला. पुन्हा मोडेन.

तुमच्याकडे दवाखाने चांगले आहेत, ठाऊक आहे. पण तिथे मला उठून "तोंड इकडे करा" म्हणायची गरज नाही. इथे आहे. मी येणार नाही.

ती आता ऊस तोडत नाही. चढावर धाप लागते, गोळ्या वेळेवर घेते. शाळेच्या व्हरांड्याच्या भिंतीवर त्या शिबिरानंतर मी लिहिलेली लक्षणं पावसाने पुसट झाली आहेत, पण वाचता येतात. खालचा एकशे आठ आकडा अजून ठळक आहे.