संघप्रियाबाईंची लाल पेन्सिल

संघप्रियाबाई इतिहास शिकवून निवृत्त झाल्या, पण संशय निवृत्त झाला नाही. मुरगूडजवळच्या आपल्या गावाच्या बौद्ध मंडळींची पुस्तिका त्या कोल्हापुरात घरी बसून तपासत होत्या. वतनांवरचा, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेल्या जमिनींवरचा इंग्रजी उतारा अवघड. पाच-पाच ओळींची वाक्यं. तो सोप्या मराठीत आणला होता कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सोनमनं.

शेवटची प्रत वाचली आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. इतकं गोड? आंब्याच्या पेटीतला खालचा थर बघितल्याशिवाय त्या कधी पैसे देत नसत.

त्यांनी इंग्रजी उतारा शेजारी ठेवला आणि एकेक तारीख टिपली. संस्थानाचं विलीनीकरण, १ मार्च १९४९: आहे. कनिष्ठ गाववतन निर्मूलन कायदा, १९५८: आहे. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून: तोही आहे. बहुतेक जण इथं दोन्ही सालं एक करून टाकतात. ‘पुनर्प्रदान’ हा शब्दही जागेवर होता, पुढं साधा अर्थ दिलेला: सरकारजमा जमीन वतनदाराला परत देणं. तरी मन मानेना. भाषांतर मोबाईलकडनं करून घेतलं असणार पोरीनं!

शेवटची परीक्षा आत्याची. चिमणाबाई आत्यांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून बाई प्रत्येक मजकूर त्यांना वाचून दाखवत आणि काय कळलं ते विचारत.

“एकोणसाटला वतन गेलं, आन् जमीन आपसूक आमास्नी परत मिळाली,” आत्या म्हणाल्या. मग थांबल्या. “म्हंजे आमच्या सासऱ्यानं इकलीच की. मी म्हणत हुतेच!”

आपसूक? बाई चमकल्या. इंग्रजीत तसं नव्हतं. शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम ठरल्या मुदतीत भरली तरच पुनर्प्रदान. नाहीतर कब्जा बेकायदा, जमिनीवरून काढणार. अट गळाली होती. सापडली चोरी! त्यांनी लगेच फोन लावला.

“मॅडम, ती अट मी लिहिली होती,” सोनम शांतपणे म्हणाली. “तुम्ही तपासून दिलेला पहिला मसुदा बघा.”

बाईंनी फाईल उपसली. वाक्य होतं. त्यावर आडवी लाल रेघ, समासात त्यांच्याच अक्षरात: ‘बोजड. काढा.’ तारखा नि शब्द मोजण्याच्या नादात ‘तरच’ त्यांनीच मारला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी सोनमची माफी मागितली, वाक्य पुन्हा लिहिलं आणि आत्यांना वाचून दाखवलं.

आत्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. “सासरा सांगायचा, सायबानं जमिनीवरनं काढलं म्हणून. मी म्हटलं, खोटं बोलतोय, दारूत घालवली. मरताना तोंडात पाणीबी घातलं न्हाय मी त्येच्या.”

मग त्यांनी बाईंच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

“आता ह्यातलं काय खोडू नगंस, पोरी.”