तेवीसनंतर गप्प

दादानं ते ओसाड घर विकत घेतलं तेव्हा मी त्याचा फोटो काढून घरच्या सगळ्यांना पाठवला. ढासळलेली भिंत, अंगणात विहीर, विहिरीवर गंजका पत्रा. बाकीच्यांनी घराचं कौतुक केलं. मामाचा मात्र एकच प्रश्न आला, "पत्रा किती वर्षं आहे?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोरखंड खांद्यावर टाकून स्वारी दारात हजर.

मामा चाळीस वर्षं विहिरींचा गाळ काढतोय. माणूस मितभाषी, पण दोराच्या गाठीवरून कोणाशीही भांडेल. दादाला गाळ स्वतःच काढायचा होता. पंप लावून पाणी कालच उपसलं होतं, आता घमेलं घेऊन उतरायचं, त्यात काय एवढं, असं त्याचं म्हणणं. मामानं त्याला काठाजवळही फिरकू दिलं नाही. फोटोतल्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाला की झाकलेल्या विहिरीत पाला कुजतो, जड वायू तळाशी साचतो, दिसत नाही आणि कधी कधी वासही येत नाही. मग हिरव्या फांद्यांची मोळी दोरानं वरखाली करून त्यानं हवा हलवली, तासभर थांबला आणि कंदील खाली सोडला. तळाशी तो नीट जळत राहिला. झालं तर मग, असं दादा म्हणाला. कंदील सगळं सांगत नाही, असं मामा.

दादाच्या छातीला पट्टा बांधला. दोर कप्पीवरून घेऊन वहिनी, मी आणि मामा धरून उभे. अट एकच: खाली सतत मोठ्यानं आकडे म्हणायचे, शंभर झाले की पुन्हा एकपासून. आकडा थांबला की ओढणार. शाळा भरली म्हणून दादा हसला.

पहिलं घमेलं वर आलं. दुसऱ्या शंभरातले तेवीस झाले आणि तो गप्प झाला. दादा मूळचा खोडकर, गंमत करत असेल असं मी म्हणालेही, पण मामानं ओढायला सुरुवात केली होती. दादा वर आला तो गुडघे खरचटून, संतापून.

"दगडातला झरा बघत होतो फक्त! मला काय झालं होतं?"

 मामानं पुन्हा कंदील सोडला. दादाच्या कमरेइतक्या उंचीवर तो विझला. फावड्यानं गाळ फोडला तशी आत कोंडलेली हवा सुटली होती, आणि पुढचं घमेलं भरायला दादा वाकणारच होता.

"तुला काय कळलं होतं, मामा?" दादानं हळूच विचारलं.

"काही नाही. आकडा थांबला की ओढायचं. कारण काय ते वर आल्यावर विचारता येतं."

मामाचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. तीन दिवस पाइप सोडून पंख्यानं विहिरीत हवा भरली. चौथ्या दिवशी दादा उतरला तो घसा बसेपर्यंत मोजत राहिला. वर दोर धरलेली वहिनी एकेक आकडा त्याच्याबरोबर पुटपुटत होती.